आठ जागा, तेवीस माणसं

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकत चाललं की एखाद्या फाटकावर ‘विणकर कामगार पाहिजेत’ अशी पाटी दिसते. पाटी खडूने लिहिलेली असेल तर कारखानदाराला या आठवड्यात माणूस हवा आहे असं समजावं. ती ऑइल पेंटने रंगवलेली असेल, तर त्याला कायमच माणूस हवा असतो. माणूस येतो, जातो, पाटी तशीच राहते. ही ये-जा मोजण्याचं एक माप आहे. पाठ्यपुस्तकं त्याला श्रमिक उलाढालीचा दर म्हणतात, कारखान्यात सगळे ‘लेबर टर्नओव्हर’ म्हणतात. माप साधं आहे. त्यातून निघणारे आकडे मात्र साधे नसतात.

या मापाची सगळ्यात गाजलेली नोंद डेट्रॉइटची. १९१३ साली हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात सरासरी १४ हजार कामगार होते आणि ते तेवढेच राहावेत म्हणून त्या वर्षात सुमारे ५२ हजार माणसं भरती करावी लागली. म्हणजे दर आठवड्याला हजार नवे चेहरे. उलाढालीचा दर ३७० टक्के. सरासरी काढली तर प्रत्येक जागेवरचा माणूस शंभर दिवसांच्या आतच बदलत होता. त्याशिवाय रोज दहातला एक जण कामावर येतच नसे. मॅग्नस अलेक्झांडर या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या माणसाने बारा कारखान्यांचे त्याच्या आदल्या वर्षाचे, १९१२ चे, हजेरीपट तपासले होते. वर्षाच्या सुरुवातीला तिथे ३७,२७४ कामगार होते, अखेरीस ४३,९७१. वाढ झाली ६,६९७ माणसांची, भरती झाली ४२,५७१ जणांची. एक माणूस वाढवायला सहाहून जास्त माणसं आणावी लागली. मृत्यू, आजारपण, टाळता न येणारी सुट्टी असं सगळं वजा करूनही यातली २२,०३१ माणसांची भरती टाळता आली असती, असा त्याचा निष्कर्ष होता.

परदेशातले आकडे वाचून थक्क होणं सोपं असतं. पण आपल्याकडच्या कारखान्यांतही ये-जा कमी नव्हती. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात नोंदवलं की देशातल्या बहुतेक बारमाही कारखान्यांना दर महिन्याला आपल्या कामगारसंख्येच्या किमान ५ टक्के नवी माणसं घ्यावी लागतात. महिन्याला ५ हा आकडा डोळ्यांत भरत नाही. वर्षाला तो ६० होतो, आणि या वेगाने दोन वर्षांच्या आत अख्खा कारखाना नव्या माणसांचा होऊ शकतो.

इथेच पहिली फसगत होते, कारण प्रत्यक्षात अख्खा कारखाना कधीच बदलत नाही. काय बदलतं ते एका कारखान्याच्या हिशोबातून पाहू. कारखाना मी उदाहरणासाठी उभा केला आहे आणि त्यातले रुपये-आणेही हिशोबापुरते धरले आहेत. ओळखीचा वाटला तर ज्याने त्याने आपले आकडे घालून बघावेत.

टेरी टॉवेलचा, ४० मागांचा कारखाना. एक विणकर दोन माग सांभाळतो, पाळ्या दोन, म्हणून विणकर ४०. कांडी भरणारे, वार्पिंगवाले, जॉबर, घडी-शिलाईच्या बायका धरून १ एप्रिलला पटावर ६२ जण. वर्षभरात २७ जण सोडून गेले, २३ नवे आले, ३१ मार्चला पटावर ५८. सुरुवात आणि शेवट यांची सरासरी ६०.

आता दर काढू. गेलेल्यांना सरासरीने भागलं तर २७ भागिले ६०, म्हणजे ४५ टक्के. जागा भरण्यासाठी आलेल्या २३ जणांना भागलं तर ३८ टक्के. गेलेले आणि आलेले मिळून ५० धरले तर ८३ टक्के. काही जण हा शेवटचा आकडा निम्मा करतात, मग तो ४२ होतो. कारखाना एक, वर्ष एक, आणि दर चार. म्हणून ‘आमचा टर्नओव्हर अमुक टक्के’ असं कुणी सांगितलं की भागाकारात वर काय होतं हे आधी विचारावं. कर्ज देणाऱ्या बँकेसमोर ३८ आणि सरकारी योजनेसाठी गाऱ्हाणं मांडताना ८३ असं करायलाही ही जागा पुरते.

पण चारही दर एक गोष्ट लपवतात. १ एप्रिलला जे ६२ जण होते त्यातले ५० जण ३१ मार्चलाही तिथेच होते. म्हणजे जुन्यांतले फक्त १२ गेले. मग २७ कुठून आले? उरलेले १५ हे त्याच वर्षी आलेल्या २३ जणांतले. तेवीस आले, पंधरा वर्षाच्या आत गेले, आठ टिकले. जुन्यांपैकी ८१ टक्के माणूस टिकतो आणि नव्यांपैकी ६५ टक्के जातो. एकाच छपराखाली ही दोन वेगळी गावं आहेत. ४५ हा आकडा त्यांची सरासरी सांगतो आणि दोघांबद्दलही चुकीचं सांगतो.

सरळ भाषेत मांडायचं तर वर्षभरात आठ जागा भरल्या आणि त्यासाठी तेवीस माणसं लागली. चार जागा तर वर्षाअखेरीसही रिकाम्याच राहिल्या. कारखानदार चहावर म्हणतो, ‘आजकाल माणूस टिकत नाही.’ त्याचे पन्नास जण मात्र मुकाट्याने कामावर उभे असतात. टिकत नाहीत ते पहिल्या काही आठवड्यांतले.

आता एका विणकराच्या जाण्या-येण्याला पैसे किती लागतात ते बघू. विणकराची मजुरी दोन मागांवर मिळून एका पाळीला ६०० रुपये धरू, महिन्याचे २६ दिवस म्हणजे १५,६०० रुपये. सूत, वीज, मजुरी वजा जाता एक माग एका पाळीत मालकाला ३०० रुपये मिळवून देतो असं धरू. दोन मागांचे ६००.

सुरुवात जाण्याच्या खर्चाने करू, कारण मालकाला सगळ्यात जास्त तोच बोचतो. आठ वर्षं काम केलेला विणकर सोडून गेला तर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हिशोब असा की महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. आपल्या विणकराचे वर्षाला ९,००० होतात, आठ वर्षांचे ७२,०००. रक्कम मोठी, धनादेश एकदम फाडावा लागतो, म्हणून हा माणूस जाण्याचाच खर्च वाटतो. तो तसा नाही. हे पैसे आठ वर्षांत दरवर्षी नऊ-नऊ हजारांनी कमावलेले आहेत आणि माणूस राहिला तरी कधीतरी द्यायचेच आहेत. उलाढालीच्या खर्चात ते मिळवणारे हिशोबनीस आकडा फुगवतात आणि जुन्या माणसावर विनाकारण राग निर्माण करतात. शिवाय नेहमीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर लागू होते, आणि आपले पंधरा जण तर वर्षही न काढता गेले. त्यांच्या जाण्याचा खरा खर्च म्हणजे शेवटचा हिशोब, पीएफचे कागद, कारकुनाचा वेळ. माणशी ५०० रुपये पुष्कळ झाले.

मग शोधाचा खर्च. सोलापुरात विणकर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने येत नाही. जॉबर किंवा एखादा जुना कामगार ‘माणूस आहे’ म्हणतो, भेट होते, चार चकरा होतात, त्याचे हजारभर रुपये. खरी रक्कम असते ती उचलीची. माणूस यायच्या आधी किंवा आल्या आल्या काही हजारांची उचल मागतो आणि मालक देतो, कारण दुसरा देणार हे त्याला माहीत असतं. उचल परत फिटली तर तो खर्च नाही. आपल्या पंधरापैकी पाच जण प्रत्येकी १२ हजार अंगावर ठेवून गेले असं धरलं, तर ६० हजार बुडाले. ते तेवीस भरत्यांवर वाटले तर माणशी सुमारे २,६०० पडतात.

उचलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मालकाच्या मनात ती कुलपासारखी असते. माणूस बांधून राहील, उलाढाल कमी होईल, हा हिशोब. कायद्याच्या नजरेत मात्र उसन्या पैशापोटी माणसाला कामाला जखडणं ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आहे. म्हणजे कुलूप वापरलं तर गुन्हा आणि नाही वापरलं तर पैसे बुडीत. शिवाय उचल घेऊन आलेला माणूस काम आवडलं म्हणून आलेला नसतो. त्याच्यासाठी पुढच्या कारखान्याची थोडी मोठी उचल हेच जाण्याचं कारण होऊ शकतं, कारण तिच्यातून मागची फेडता येते.

पुढचा खर्च रिकाम्या मागाचा. माणूस गेला आणि दुसरा मिळेपर्यंत त्या पाळीला दोन माग चार दिवस बंद राहिले तर २,४०० रुपये गेले. याची पावती कुणी फाडत नाही. बंद माग काहीच मागत नाही, त्यामुळे तो फुकट उभा आहे असं वाटतं.

त्यानंतर येतो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अदृश्य खर्च, हात बसण्याचा. नवा विणकर अगदी कोरा नसतो, पण माग नवा असतो. टेरीच्या मागावर दोन ताणे असतात, एक जमिनीचा आणि एक लूपांचा. लूपांच्या ताण्याचा ताण जरा बिघडला की टॉवेलवर कुठे टक्कल पडतं, कुठे झुपके उठतात. धागा तुटला ते उशिरा कळतं, कांडी संपते तेव्हा हात दुसऱ्या मागावर असतो. समजा पहिल्या दिवशी त्याचं उत्पादन निम्मं आहे आणि आठ आठवड्यांत, म्हणजे ४८ पाळ्यांत, ते हळूहळू पूर्ण होतं. सुरुवातीची तूट ५० टक्के, शेवटची शून्य, सरासरी २५. अठ्ठेचाळीस पाळ्यांचे पंचवीस टक्के म्हणजे पूर्ण १२ पाळ्या वाया. मालकाचे ७,२०० रुपये गेले. त्यात दीडशे टॉवेल सेकंडमध्ये निघाले आणि प्रत्येकी १५ रुपये कमी मिळाले तर आणखी २,२५०. जॉबर त्याच्यापाशी उभा असताना दुसरीकडचा बिघडलेला माग वाट बघतो, त्याचे १,५०० धरू.

सगळं मिळून १७,४५० रुपये. विणकराच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. आणि त्यातले कारकुनी, शोध आणि बुडीत उचलीचे ४,१०० सोडले तर बाकीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त रकमेला कुठलंही व्हाउचर नाही. वहीत ती ‘या वर्षी माल जरा कमी निघाला’ एवढ्याच रूपात दिसते.

जे दोन महिने भरायच्या आत गेले त्यांच्यावर कमी खर्च झाला असेल, असं वाटेल. फार कमी होत नाही. पहिल्या चार आठवड्यांत तूट ५० वरून २५ वर येते, सरासरी साडेसदतीस. चोवीस पाळ्यांवर ती ९ पाळ्या होते. म्हणजे बारापैकी नऊ पाळ्यांचं नुकसान पहिल्याच महिन्यात होऊन जातं. महिन्याने गेलेला माणूस शिकण्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग घेऊन जातो, आणि जेव्हा तो परत मिळवून द्यायची वेळ येते तेव्हा शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या मागावर उभा असतो. त्याचे फक्त १,८०० वाचतात. तेव्हा तेवीसही जण विणकर आणि गेलेले पंधराही महिन्याने गेले असं धरलं, तर पंधरा जणांचे प्रत्येकी १५,६५० आणि टिकलेल्या आठांचे प्रत्येकी १७,४५०. बेरीज ३,७४,३५० रुपये.

या रकमेला बाराने भागा. महिन्याला ३१,१९६ रुपये येतात. दोन विणकरांचा महिन्याचा पगार ३१,२००. म्हणजे हा कारखानदार वर्षभर दोन पूर्ण विणकरांचा पगार अशा माणसांना देतो आहे जी कधी फाटकातून आत आलीच नाहीत. असे शंभर कारखाने धरले तर वर्षाला पावणेचार कोटी रुपये आणि दोनशे न दिसणारे विणकर.

पण या हिशोबात एक बाजू अजून आलेली नाही. विणकराची मजुरी नगावर असते. उत्पादन निम्मं तर मजुरीही निम्मी. ज्या बारा पाळ्या मालकाच्या वाया गेल्या त्याच बारा पाळ्या विणकराच्याही गेल्या, आणि पाळीला ६०० या हिशोबाने त्याचेही ७,२०० रुपयेच बुडाले. शिकण्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला, फक्त एकाच्या घरात त्या महिन्यात किराणा आला नाही. पंधरा जण पहिल्या महिन्यातच का जातात, याचं उत्तर इथे बऱ्यापैकी सापडतं. ज्या काळात कमाई सगळ्यात कमी, त्याच काळात ते जातात.

खर्च नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर जातो. सोलापूरच्या कापड धंद्याचा इतिहास या नजरेने बघण्यासारखा आहे. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. तेव्हापासून पुढे कित्येक दशकं इथल्या आणि मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, मुकादमाच्या हातात होती. कामावर घ्यायचा तोच, काढायचा तोच, आणि घेताना दस्तुरी खायचा. रॉयल कमिशनने यातलं मर्म बरोबर ओळखलं होतं: प्रत्येक नव्या भरतीमागे जॉबरला पैसे मिळणार असतील तर माणसं टिकवण्यात त्याला रस का असावा? गिरणीला जे नुकसान, ते जॉबरला उत्पन्न. शोधाचा खर्च मालकाला शून्य दिसत होता, कारण तो नोकरी मागणाराच भरत होता.

रिकाम्या मागाच्या खर्चावरचा तोडगा म्हणजे बदली कामगार. सकाळी फाटकाशी बदल्यांचा घोळका उभा असे. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी एखादा आत जाई, बाकीचे घरी परत. माग बंद पडत नसे, कारण बंद पडायचं काम बदली कामगारच करत होते, तेही बिनपगारी. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदल्यांची नोंद ठेवून त्यांना ठराविक दिवशी कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. पुढे १९४९-५० मध्ये मुंबई सरकारने अहमदाबाद, मुंबई आणि सोलापूर या तीन केंद्रांत गिरणी कामगारांसाठी डीकॅज्युअलायझेशनची योजना आणली. भरती जॉबरच्या हातून काढून नोंदणीच्या यादीतून करायची, हा तिचा गाभा. सोलापूर या यादीत तिसरं असावं यातच इथे गिरणी किती मोठी होती ते कळतं.

दैव असं की त्याच सुमारास सोलापुरात माणसं जाण्याचा एक मोठा प्रसंग घडला आणि त्यात एकही माणूस स्वतःहून गेला नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने या एका गिरणीसाठी खास वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि एका भागधारकाने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९५० चा चिरंजितलाल चौधरी खटल्याचा निकाल घटनेतल्या समानतेच्या कलमाचा धडा म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. कायद्याच्या उद्देशिकेत दोन कारणं दिली होती: गरजेच्या मालाचं उत्पादन थांबलं आणि समाजातल्या एका घटकात गंभीर बेकारी आली. एका गावातल्या एका फाटकाला कुलूप लागलं, त्याचा खर्च कुणी भरायचा हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला.

गिरण्यांच्या जागी यंत्रमाग वाढले, आणि त्यांच्या शेजारी, बऱ्याचदा त्याच घरात, विड्या वळल्या जात होत्या. विडी धंद्यात उलाढालीचा प्रश्न जवळजवळ नाहीच. हजारो बायका घरी बसून हजाराच्या हिशोबाने विड्या वळतात. एखादी महिनाभर आली नाही तर कारखानदाराचा कुठला माग बंद पडत नाही. सूप तिचं, कात्री तिची, जागा तिची. शिकवणारी तिची आई किंवा सासू. नीट न वळलेली विडी छाटात जाते आणि त्याचा फटका बहुधा तिलाच बसतो. म्हणून माणूस बदलण्याचा खर्च त्याच मालकाला कळतो ज्याच्या मालकीचं यंत्र उभं राहतं. यंत्रमागवाला चिडतो आणि विडीवाला चिडत नाही, यात स्वभावाचा भाग फार थोडा आहे.

मग पैसे खर्चून माणूस टिकवता येतो का? फोर्डने ५ जानेवारी १९१४ रोजी दिवसाला पाच डॉलर जाहीर केले. आधीची मजुरी त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. पाळीही नऊ तासांवरून आठवर आणली. उलाढाल ३७० टक्क्यांवरून त्या वर्षी ५४ वर आणि १९१५ मध्ये १६ वर आली. ही गोष्ट व्याख्यानांत नेहमी इथेच थांबते. पुढे सांगायला हवं ते हे की पाच डॉलर सगळ्यांना सरसकट नव्हते. आधी सहा महिन्यांची नोकरी हवी, आणि कंपनीची माणसं घरी येऊन राहणी तपासत. शिवाय रॅफ आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हिशोब मांडून दाखवलं की उलाढालीत वाचलेल्या पैशांनी एवढी पगारवाढ भरून निघत नव्हती. फोर्डला फायदा झाला तो मुख्यतः जास्त आणि नीट झालेल्या कामातून.

आपल्या कारखान्यावर हीच कसोटी लावू. मालकाने ठरवलं की पहिल्या आठ आठवड्यांत नव्या विणकराला उत्पादन कितीही होवो, पाळीला पूर्ण ६०० द्यायचे. म्हणजे त्याच्या खिशातली तूट आपल्या खिशात घ्यायची. टिकणाऱ्या आठ जणांवर ५७,६०० रुपये जादा जातील आणि लवकर जाणाऱ्या प्रत्येकावर ५,४००. बदल्यात, जो एक जण लवकर जाणार नाही त्याच्या मागे एक जादा भरती टळेल, म्हणजे १५,६५० वाचतील. मांडून बघितलं तर पंधरापैकी किमान सात जण थांबले तर मालकाला साडेआठ हजारांहून थोडे जास्त सुटतात. सहाच थांबले तर बारा हजारांचा तोटा. फायदा आहे, पण काठावरचा. पूर्ण पगाराची हमी हे एकच औषध पाजून कारखाना बरा होईल असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हमी चार आठवड्यांपुरती ठेवली तर पैसा कमी लागतो आणि नुकसानीचा मोठा काळ त्यातच येतो, म्हणून सुरुवात तिथून करावी.

त्याहून स्वस्त उपाय बहुतेक वेळा हजेरीपटात दडलेला असतो. नव्या माणसाला कुठला माग मिळतो? जो जुन्यांनी नाकारलेला असतो तो. झिजलेला, कोपऱ्यातला, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणारा, वारंवार धागा तोडणारा. त्यात रात्रपाळी. नवा माणूस मुळात हळू, माग त्याहून हळू, आणि मजुरी नगावर. तो पळून गेला की आपण माणसाला नाव ठेवतो. सोडून गेलेल्या सत्तावीस जणांपुढे त्यांचा माग नंबर लिहिला आणि त्यात दोन-तीन नंबर पुन्हा पुन्हा आले, तर दुरुस्तीची गरज मागाला आहे. काही हजारांचं काम पुढच्या अनेक भरत्या वाचवतं. जॉबरने आपल्या ओळखीच्यांना कायम चांगले माग दिले असतील तर तेही याच रकान्यात उघडं पडतं.

अलेक्झांडरच्या जुन्या हिशोबात एक गंमत होती. बदलायला सगळ्यात महाग पडणारा कामगार हा सगळ्यात कुशल कारागीर नव्हता, कारण तो कसब घेऊनच येतो. महाग पडायचा तो कारखान्यातच शिकून यंत्रावर उभा राहिलेला मधल्या फळीतला माणूस. सोलापूरच्या मागावरचा विणकर नेमका त्याच फळीत येतो. त्याच्या जागी दुसरा पटकन मिळेल असं वाटत असतं, आणि मिळतोही. दर वेळी १७ हजार घेऊन.

तेव्हा कारखानदारांना एक विनंती. येत्या एक तारखेपासून हजेरीपटात तीन रकाने वाढवा: दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि माग नंबर. वर्षाअखेरीस ४५ टक्के की ८३ यावर वाद घालत बसू नका. आठ आठवड्यांच्या आत गेलेले किती, आणि ते कोणत्या मागावरून गेले, एवढंच मोजा. फाटकावरची पाटी पुन्हा रंगवण्याचा खर्च त्यानंतर ठरवा.